दहा फुटांच्या पलीकडे

दिपाली सिस्टरच्या हातून मुदत संपलेली लस कुणाला टोचली गेली, असं अख्ख्या उमरदऱ्यात कुणी म्हणू शकणार नाही. उपकेंद्राच्या फ्रिजमधून बाटली काढली की ती आधी तळाची तारीख वाचायची, मग झाकणावरचा चौकोन पाहायची. उन्हाची झळ लागली की तो चौकोन काळवंडत जातो. जरा शंका आली की बाटली बाजूला. गावची आशा कार्यकर्ती बेबीताई कधी वैतागायची, "सिस्टर, पोराची माय तीन कोसावरून आली, टोचून टाका न एखादी!" पण दिपालीचं एकच उत्तर असायचं, "बेबीताई, उन्हात ठेवलेलं औषध अन् पाणी सारखंच. टोचल्याचं समाधान भेटते, काम काही होत नाही."

माहेर नेरचं, कापसा-तुरीचं घर. वडील मारोतरावांनी पोरीला नर्सिंगला घातलं तेव्हा भावकीनं नाकं मुरडली होती, पण पहिली नेमणूक झाली तेव्हा त्याच भावकीनं पेढे खाल्ले. नवरा कपिल दारव्ह्याला सोयाबीनच्या अडत्याकडे हिशेब पाहायचा आणि शनिवारी यायचा. घरात ती, दोन लेकरं आणि सासूबाई. नोकरीची नऊ वर्षं तिनं त्या एका जुन्या स्कुटीवर काढली. उपकेंद्राखाली चार गावं आणि जंगलाच्या कडेला कोलाम आदिवासींचं एक पोड, म्हणजे वस्ती. बुधवार पोडाचा. लशीचा डबा पुढं पायाशी, बीपीचं मशीन पिशवीत आणि डोक्याला ओढणी गच्च गुंडाळलेली, अशी ती बुधवारी नाल्याच्या रस्त्याने दिसायची.

त्या नाल्याच्या रस्त्यानंच घात केला. पोड मागं पडलं की गाव येईपर्यंत दोन्हीकडे तूर आणि मध्ये एक ओसाड फाटा. दोन वर्षांपूर्वी या फाट्यावर अक्षय उभा राहायला लागला. माजी सरपंचाचा मुलगा, घरी ट्रॅक्टर, अंगात काम नाही. आधी नुसता हसायचा. मग फोन. "सिस्टर, ताप हाय, पाहाले या न." मग गाडीच्या मागे मागे. दिपालीने त्याच्या बापाला सांगून पाहिलं. बाप म्हणाला, "पोरगं हाय, मस्करी करते. तुम्ही कायले मनावर घेता?" बत्तीस वर्षांचा बाप्या यांच्या लेखी पोरगं! आणि दोन लेकरांची आई असलेल्या बाईने ते मनावर घ्यायचं नाही.

तिची मागणी साधी होती. बुधवारी पोडाला जाताना सोबत पुरुष कर्मचारी द्या, नाहीतर आरोग्याची जी गाडी तालुक्याला दिवसभर लिंबाखाली उभी असते ती द्या. एवढंच. तिच्यासारख्याच बाकीच्या सिस्टरांनीही तेच मागितलं होतं, कारण असा फाटा प्रत्येकीच्या वाट्याला होता. मधुसूदन साहेबांनी, म्हणजे तिच्या वरच्या अधिकाऱ्यांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चांगल्या घरचा माणूस, आवाज कधी चढायचा नाही. "मॅडम, तुमची सुरक्षा ही आमची प्राथमिकता आहे," म्हणाले.

आणि महिला दिनाला सभागृहात कार्यक्रम झाला. हार, भाषणं, समोसा, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक लिपस्टिकपेक्षा थोडी मोठी, काळी बाटली. मिरचीचा स्प्रे. कुठल्याशा संस्थेने दान दिलेला. ओळीने उभं करून फोटो काढले. कसा मारायचा हे कुणी सांगितलं नाही. फक्त निवेदक माईकवर म्हणाला, "भगिनींनो, जपून वापरा." आपल्या बायकांना जपून वापरा म्हटलं की त्या वापरतच नाहीत, नुसतं जपतात. कपाटातली चांगली साडी जशी पाहुण्याची वाट पाहत पिवळी पडते, तशा त्या बाटल्या जपल्या गेल्या.

दिपालीने ती स्कुटीच्या डिकीत टाकली, हाताशी असावी म्हणून. एकदाही दाबून पाहिली नाही, कारण दाबली तर संपेल. वैशाखात यवतमाळचं ऊन काय असतं ते सांगायला नको. उपकेंद्राच्या पत्र्याखाली स्कुटी उभी राहायची आणि सीटला हात लावला तर चटका बसायचा. लशीचा डबा ती त्या उन्हातून बर्फ घालून न्यायची, वरून ओला टॉवेल टाकायची. सीटखाली तिची स्वतःची बाटली दोन उन्हाळे भाजत होती, ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यात दसरा. सासूबाई दसऱ्याला घरातली सगळी अवजारं पाटावर मांडायच्या. विळा, कात्री, शिलाई मशीन, बीपीचं मशीन, आणि आता ही बाटली. "तुह्यं हत्यार हाय न ते? मंग पूजा नको काय?" म्हातारीच्या मायेला नाव ठेवायला जागा नाही. त्यांनी बाटलीला हळदकुंकू वाहिलं आणि गळ्याशी लाल दोरा सात वेढे देऊन गच्च बांधला. पहिल्या वर्षी बांधला, दुसऱ्या वर्षी त्यावरच दुसरा. खटका सरकवायची जागा नेमकी त्या दोऱ्याखाली गेली. दिपालीला दिसलं होतं. पण पूजेचा दोरा आपल्या हाताने कसा तोडायचा? राहू दिला.

यंदा दिवाळी होऊन गेल्यावरचा बुधवार. तूर फुलावर आलेली, कापूस वेचणीला बाया शेतात. पोडावरची लेकरं टोचून दिपाली निघाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि समोरून वारा सुटला होता. फाट्यावर अक्षयची मोटारसायकल रस्त्यात आडवी. तो सीटवर बसून पाय हलवत होता.

तिने स्कुटी लांबच थांबवली. मागं वळून जावं तर पोडाचा चढ, आणि तो मागं येणार. तिने डिकी उघडली, बाटली काढली आणि पुढं धरली.

"अक्षय, गाडी काढ."

"अरे बापा! सिस्टरनं तं तोफ काढली!" तो खाली उतरला. "मारा न मग."

तिचं बोट खटक्यावर गेलं आणि दोऱ्यात अडकलं. दोरा तुटेना. दातांनी ओढून तोडला तेव्हा कुंकू जिभेवर आलं. तोवर तो चार पावलं पुढं. तरी अजून बराच लांब, मधे एक बैलगाडी आडवी मावली असती एवढा. लांबूनच मारलेलं बरं, जवळ येईस्तोवर थांबायला कुणाच्या छातीत बळ असतं? तिने डोळे किलकिले करून दाबलं.

फवारा म्हणून जे आलं ते पाहून कुणालाही रडू यावं. भोकाशी हळदकुंकवाचा गोळा सुकून बसलेला. आतला गॅस उन्हाळ्यांनी आणि वयाने केव्हाच निघून गेलेला. मिरचीचा अर्क बाटलीत तसाच होता, पण त्याला पुढं ढकलणारा जोर उरला नव्हता. थोडा थुंकीसारखा धुळीत पडला, थोडा तिच्या बोटांवरून ओघळला. जे काय बारीक तुषार उडाले ते वाऱ्याने उचलून परत तिच्याच तोंडावर आणले.

पापण्या आपसूक मिटल्या. उघडायच्या म्हटलं तरी उघडेनात. नाकात, घशात जाळ, खोकल्याने छाती भरून आली. स्कुटी कलंडली, लशीचा डबा घरंगळत गेल्याचा आवाज आला. ती रस्त्यावर बसली. आंधळ्यासारखे हात पुढं.

तिला पावलं ऐकू येत होती. सावकाश. मग त्याचा हात तिच्या हनुवटीवर आला आणि त्याने तिचं तोंड वर उचललं.

"म्यां तं काहीच नाही केलं, सिस्टर. तुम्हीच केलं. पुसून देऊ का डोळे?"

नऊ वर्षांत तिला कुत्रं चावलं, स्कुटी नाल्यात गेली, एक बाळ तिच्या हातात गेलं. पण त्या चार बोटांची किळस तिला पुढं साबणाने घासूनही जाईना. तिने हात झटकला, ओरडायला गेली तर नुसता खोकला. तुरीतून कुणाच्या तरी येण्याची चाहूल लागली तेव्हा तो उठला, सावकाशच, आणि गाडी चालू करून गेला.

आलेली रुपीबाई होती, पोडावरची, डोक्यावर काड्यांची मोळी. सिस्टरला रस्त्यात बसलेली पाहून तिने मोळी टाकली आणि पदराने डोळे पुसायला धावली.

"चोळू नको, रुपीबाई!" दिपाली ओरडली. "तेलकट असते ते. चोळलं की पसरते. पिशवीत हात धुवायचा साबण हाय, तो अन् पाणी आण. लय पाणी."

डोळे मिटल्या मिटल्या स्वतःचाच उपचार सांगत बसली ती बाई. नाल्यातलं पाणी घेऊ दिलं नाही, पिण्याची बाटली ओतायला लावली. जाळ कमी व्हायला बराच वेळ लागला. हळूहळू डोळे उघडायला लागले तेव्हा ऊन गेलं होतं. स्कुटी उभी करायच्या आधी तिने लशीचा डबा उघडला, बर्फ तपासला, बाटल्यांवरचे चौकोन पाहिले. लस ठीक होती. मग हातातली काळी बाटली उलटी केली. बुडावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. मुदत गेल्या पोळ्याच्या सुमाराला संपलेली. ती तिथंच रस्त्यात पुन्हा बसली. "तारीख पाहाची होती न मले," एवढंच म्हणाली. रुपीबाईला काही कळलं नाही.

तिने तक्रार केली. पण अक्षय तिच्या आधी ठाण्यात पोचला होता. सिस्टरनं माझ्यावर जहर मारलं, मी गाडी बंद पडली म्हणून उभा होतो, असं त्याचं म्हणणं. हनुवटीवरची बोटं कुणी पाहिली? रुपीबाईने फक्त मोटारसायकलचा आवाज ऐकला होता. कोलाम बाईचं ऐकून कोण घेतं, तो मुद्दा तर वेगळाच. गावात पोरांना नवा खेळ मिळाला. स्कुटी दिसली की चहाच्या टपरीवरून खोकायचे. "मिर्ची सिस्टर!" बेबीताई एकदा चप्पल काढून धावली त्यांच्या मागे, पण किती जणांच्या मागे धावणार?

कपिल शनिवारी आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सोडून दे नोकरी." जणू फाटा तिने उभारला होता! सासूबाईंनी देवापाशी डोकं आपटलं. आपल्या दोऱ्यामुळं घात झाला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, दिपालीनेही नाही. म्हातारीला तेवढं तरी सुख राहू द्यावं.

मग साहेबांसमोर. मधुसूदन साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. बाटली हातात घेऊन चष्मा वर करून तारीख वाचली.

"मॅडम, तुम्ही तर लसीकरणात तालुक्यात पहिल्या. मुदत, तापमान तुम्हाला का कुणी शिकवायला हवं?"

"साहेब, महिला दिनाले भेटली तेव्हाच ती जुनी होती."

"घेताना पाहायला हवं होतं ना. आणि डिकीत ठेवली? उन्हाळ्यात? त्यावर स्पष्ट छापलंय, थंड जागी ठेवा." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "साधन आम्ही पुरवलं होतं. त्याची निगा राखली गेली नाही, एवढंच मला वर कळवावं लागेल."

त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि हेच तिला झोंबलं. मिरचीपेक्षा जास्त. माणूस खोटं बोलला तर भांडता येतं. हा खरं बोलत होता आणि खऱ्याच्या आड लपत होता. "अन् गाडीचं काय, साहेब? सोबत माणूस द्याचं?" तिने विचारलं. "तेच तर," साहेब म्हणाले, "नवीन स्प्रे मागवलेत. ताजे. या वेळी प्रशिक्षणासह. आणि ते प्रशिक्षण, माझी इच्छा आहे, तुम्हीच द्यावं. अनुभवी आहात."

नाही म्हणायची तिची हिंमत झाली नाही असं नाही. तिला वाटलं, आपल्यासोबत झालं ते निदान दुसरीसोबत होऊ नये. तिने आठ दिवस वाचलं, पाहिलं, कंपनीला फोन करून भंडावून सोडलं. सरावासाठी मिरची नसलेल्या, नुसत्या पाण्याच्या बाटल्या मिळतात, त्या मागवल्या. सभागृहात पुन्हा त्या सगळ्या जमल्या, आणि या वेळी दिपालीने कुणाला समोसा खाऊ दिला नाही.

"आधी बूड पाहा," ती म्हणाली. "तारीख गेली की मिरची मरत नाही, गॅस मरतो. मिरची आत राहाते अन् तुम्ही बाहेर. डिकीत ठेवाची नाही, पर्सच्या तळाशी नाही, चुलीपाशी नाही. हाती आली की एकदा मोकळ्यात, वारा पाठीवर घेऊन, क्षणभर दाबून पाहाची. नुसतं येते का ते पाहाले, खेळाले नाही, आत माल चार-सहा फवाऱ्यांचाच हाय. पूजा कराची तं दुरून फूल वाहा. गळ्याले काही बांधू नका."

बायका हसल्या. ती हसली नाही.

तिने फरशीवर खडूने रेघ मारली. "हे दहा फूट. ही बाटली एवढीच पोचते, तेही वारा नसला तं. याच्या पलीकडं मारली की वाया. अन् अगदी अंगाला भिडून मारली की आपल्यालेच लागते. डोळ्यांच्या रेषेत आडवी फिरवाची, लगेच बाजूले व्हाचं अन् पळाचं. पाहात उभं राहाचं नाही. सामनेवाला पडेलच असं नाही, दारू पेलेला असला तं आंधळा होऊनही अंगावर येते. ही फक्त पळाले वेळ देते. तेवढंच."

नवीन लागलेली वैष्णवी, जेमतेम बावीसची, पुढं आली. तिने सराव केला. पाण्याची सरळ धार खडूच्या रेघेपर्यंत गेली आणि तिथं पडली. टाळ्या झाल्या.

"ताई, अन् पळून जाचं कुठं?" वैष्णवीने विचारलं. "माह्या रस्त्यावर तं गावच नाही."

दिपालीने साहेबांकडे पाहिलं. साहेब मोबाइलवर व्हिडिओ घेत होते, अगदी मन लावून. "छान प्रश्न," ते म्हणाले, "पुढच्या बैठकीत घेऊ."

त्या संध्याकाळी व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर पडला. तिथून ग्रामपंचायतींच्या, तिथून गावागावांच्या. खाली फुलांच्या आणि हात जोडलेल्या चित्रांच्या रांगा. 'आमच्या रणरागिणी.' माजी सरपंचांनीही अंगठा दाखवला होता. चार दिवसांनी ऑफिसातून उत्तर आलं. महिला कर्मचाऱ्यांना सुरक्षा साधन व प्रशिक्षण देण्यात आल्याने सोबती व वाहनाची मागणी निकाली काढण्यात येत आहे. बेबीताईने ते दोनदा वाचायला लावलं. "मतलब, नाही म्हणून राह्यले?" "हाव," दिपाली म्हणाली. "चांगल्या मराठीत."

पुढचा बुधवार. तिने निघताना बूड पाहिलं, खटका सरकवून पाहिला. बाटली डिकीत नाही, ओढणीखाली गळ्यातल्या पट्ट्याला. पोडावरची लेकरं टोचली. रुपीबाई फाट्यापर्यंत सोबत येते म्हणाली, पण तिची नातसून दिवस भरलेली होती आणि कळा सुरू झाल्यासारखं करत होती. दिपालीने तिला तपासलं, अजून वेळ होता, म्हणून रुपीबाईला तिथंच थांबवलं. एकटी निघाली.

फाट्यावर अक्षय होता. मोटारसायकल रस्त्याच्या कडेला, नीट लावलेली. तो तुरीच्या बांधावर उभा. तिने स्कुटी थांबवली, बाटली हातात घेतली, वारा कुठला आहे ते पाहिलं. वारा तिच्या पाठीवरून त्याच्याकडे जात होता. खटका सरकला.

तो जागचा हलला नाही. खिशातून मोबाइल काढला, त्यावर तिचाच व्हिडिओ लागला, "हे दहा फूट, ही बाटली एवढीच पोचते..." त्याने पूर्ण ऐकलं, मग खाली वाकला आणि काडीने बांधाच्या मातीत रेघ ओढली. एक पाऊल मागं सरून रेघेच्या पलीकडे उभा राहिला.

"इथून चालते न, सिस्टर? तुमच्या हिशेबानं सांगा. इथून पाह्यलं तं काही गुन्हा नाही न?"

तिने अंतर मोजलं. नजरेचा अंदाज आता पक्का झाला होता. तो रेघेच्या बाहेर होता. मारली असती तर वाया गेली असती, आणि पुन्हा ठाण्यात तोच आधी पोचला असता. तिने गाडी चालू केली आणि त्याच्या समोरून, त्याच्या नजरेखालून, सावकाश निघून गेली. रस्ता खराब होता, जोरात नेता येत नव्हती.

त्यानंतरच्या प्रत्येक बुधवारी तो तिथं असतो. तिच्या बाटलीची मुदत अजून तीन वर्षं आहे.